म्हशीपाशी अडलेले पाच

"नाय, म्हस बसली!" उमरठच्या अंगणवाडीतली चिमुरडी अशी ओरडली की घाटातल्या दरडीसुद्धा दचकल्या असतील. ओढा ओलांडणाऱ्या प्राण्यांचं माझं मोजणीचं गाणं मी त्यांना वाचून दाखवत होतो, आणि पोरांनी आपणहून पाचापर्यंत मोजलं तरच ते गाणं वर्गात रोज घेईन, अशी अंगणवाडीच्या ताईंची अट होती. 'ससा आला टुणूक टुणूक, गेला पार, झाले—' इथं मी मुद्दाम थांबायचो, आणि त्या रिकाम्या तालावर टाळी देऊन पोरं "एक!" गर्जायची. शेळी टपक टपक गेली, दोन झाले. कुत्रा छपाक छपाक, तीन. बदक डुबुक डुबुक, चार. 'म्हैस आली धप्पक धप्पक, गेली पार, झाले—' टाळीच नाही! "काका, म्हस पाण्यात बसते, पलीकडं नाय जात!" मी इतक्या जोरात धप्पक केलं की कौलं उडायची बाकी होती, पण पोरं ढिम्म. आजही ओढ्यात डुंबणारी म्हैस दिसली की मी नकळत त्या टाळीची वाट बघतो. तेव्हा घामाघूम होऊन मी विचारलं होतं, "ताई, मग पाच कधी म्हणायचं?" ताई म्हणाल्या, "म्हस उठली की."