फोटोतला देखणा पोरगा

आमची वहिनी कपडे दुरुस्त करते. शिवत नाही, दुरुस्त करते. हा फरक तिच्यासमोर विसरलात तर तुमची पँट महिनाभर खुंटीवर लटकलीच म्हणून समजा. बाजारातल्या गल्लीत तिचं एका खोलीचं दुकान आहे. आत एक मशीन, एक वाफेची इस्त्री, टाचण्यांची डबी आणि भिंतीला टेकवलेला उंच आरसा. त्या आरशापुढे ती भल्याभल्यांना खरं ऐकवते. "काकू, हा रंग तुम्हाला शोभत नाही," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला तिची जीभ कधी अडखळली नाही. दादाशी लग्न करून ती घरात आली, त्याच आठवड्यात तिनं माझ्या नव्या ड्रेसला "उशीचा अभ्रा" म्हटलं होतं. मी दोन दिवस बोलले नाही, तिसऱ्या दिवशी तोच ड्रेस तिच्याकडून नीट करून घेतला. आता मी दुपारी तिच्या दुकानात बसून काजं-बटणं करते. म्हणजे बघा.

अशी बाई खोटं वागली तर ते तिला पचत नाही. यंदाच्या सणाच्या फोटोचं तेच झालं.

सणाला शुभेच्छा पाठवायच्या तर सगळ्या घराचा एक झकास फोटो हवा, ही हौस वहिनीची. पण सगळे एकत्र कुठे आहेत? आई माझ्याकडे असते. तिची आठवण आता भरवशाची नाही. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी जातं, पण माणसं ओळखते. दादा-वहिनी दोन गल्ल्या पलीकडे. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात मालाची व्हॅन चालवतो, कधीमधी येतो. मागे आला होता तेव्हा जिन्यात काढलेला एक फोटो होता, पाचही जण असलेला. पण दादा बनियनवर, मी घरातल्या गाऊनमध्ये, आईच्या स्वेटरची बटणं खालीवर. असला फोटो पाठवला असता तर नातेवाइकांनी आमच्यासाठी वर्गणी काढली असती.

"कपडे बदलून मिळतात वन्सं, मोबाइलवर," वहिनी म्हणाली. "फोटो द्यायचा आणि कुणी काय घातलंय ते लिहायचं. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. कपड्यांचं लिहायला माझ्याहून शहाणं कोण?"

पहिल्यांदा तिनं नुसतं लिहिलं, सगळ्यांना राजेशाही पोशाख घाल. निघालेला फोटो बघून आम्ही दोघी पोट धरून हसलो. दादाच्या टकलावर केस उगवले होते. आईचा चष्मा गायब, वर वय वीस वर्षांनी कमी. मी तर अर्धीच उरले होते.

"मला राहू दे अशीच," मी म्हटलं.

"मग खाली नाव लिहावं लागेल, ही आमची वन्सं आहे म्हणून. नाकापेक्षा मोती जड झालाय."

मग तिनं तिच्या धंद्याची अक्कल लावली. डावीकडून पहिला कोण, त्याला कुठला रंग, कुठलं कापड, बाही किती, गळा कसा, असं एकेकाचं लिहिलं. वर ठणकावून लिहिलं की चेहरे, केस, चष्मा, अंगाची ठेवण, काहीही बदलू नको, फक्त कपडे बदल. तरी प्रत्येक खेपेला कुणी ना कुणी बिघडायचं. गर्दीच्या फोटोत चेहरे लहान असतात, ते हे यंत्र नव्यानंच काढतं आणि अंदाजपंचे भरतं. वहिनी गाणं गुणगुणत एकेकाला धरून दुरुस्त करत गेली. आईचा चष्मा परत आणला. दादाचं टक्कल परत आणलं. माझी हनुवटी परत आली, दुसरीसुद्धा. शेवटी आई जांभळ्या शालीत, दादा कोटात, मी हिरव्या झग्यात. आणि धाकट्याला तिनं दिली होती उभी कॉलर, वर गळ्याशी गुंडाळलेला रेशमी रुमाल.

आता धाकट्याचं सांगायला हवं. त्याची डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली असते आणि ओठाचा तो कोपरा खाली ओढलेला. शाळेत पोरं त्याला 'तिरपा' म्हणायची. मी दोघांना त्यासाठी बदडलं होतं, त्याचा मला अजूनही अभिमान आहे. फोटो निघायचा असला की तो मान वळवतो. जिन्यातल्या त्या फोटोत तेवढा तो समोर बघत होता, कारण आईनं त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं होतं.

नव्या फोटोत दोन्ही डोळे सारखे उघडे होते. ओठ सरळ. रुमाल पार हनुवटीला भिडलेला. पोरगा असा दिसत होता, की बघतच राहावं.

वहिनीनं फोटो सगळीकडे पाठवला, एक मोठा छापून आईला दिला. धाकट्याचा लगेच फोन. "वहिनी! कसला भारी दिसतोय मी! कामावरच्या सगळ्यांना दाखवला!" वहिनी हसली, पण तिचं हसणं मला जरा तोकडं वाटलं.

आईनं फोटो मांडीवर घेतला. एकेकावर बोट ठेवत गेली. "हा थोरला. ही सून. ही तू, जाड झालीस. ही मी." मग बोट थांबलं. "आणि हा देखणा पोरगा कुणाचा?"

"अगं, धाकटा आहे तो."

"काहीतरीच. मला धाकटा कळत नाही होय? त्याला का नाही बसवलं?" मी समजावायला गेले, तसा तिचा चेहरा पांढरा पडला. "गेला का गं तो? म्हणून दुसऱ्याला बसवलंत? माझ्यापासून लपवताय?"

मी धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मी आहे ना." आई म्हणाली, "आवाज काय, कुणाचाही लावता येतो." तिनं ताट बाजूला सारलं. तेव्हा धाकट्यानं, जो कधी व्हिडिओवर येत नाही, व्हॅन बाजूला घेऊन व्हिडिओ कॉल केला. त्याला बघताच आई घळाघळा रडली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरा आहेस ना? बघ ना रे, या लोकांनी फोटोत तुझ्या जागी कुणी देखणा पोरगा बसवलाय."

तो हसला, एका बाजूनं, त्याचं असतं तसं. "असू दे आई. त्याला उठवतो मी."

दुसऱ्या दिवशी आईला कॉल आठवत नव्हता. फोटो मात्र उशाशी होता. पुन्हा तेच. "धाकटा गेला का?" मी फोटो लपवला, तर फोटो कुठे गेला म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी तणतणत दुकानात गेले आणि वहिनीला म्हटलं, "तुझं ते यंत्र घाल चुलीत. आईला मुलगा ओळखता येईना, हा कसला सण?"

वहिनी एका पँटची दुमड उसवत होती. तिनं मान वर केली नाही.

"यंत्राचं नाही वन्सं. मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतंस?"

"त्याचा डोळा. पाठवण्याआधी. तुम्हाला सगळ्यांना दुरुस्त केलं, त्याला नाही केलं. म्हटलं, एकदा तरी बघू दे बिचाऱ्याला स्वतःला असं. वाटलं, चांगलंच करतेय." "बिचारा म्हणायची मला काय गरज होती हो? आणि आईंना असं..."

पाहिलं मीही होतं. मलाही वाटलं होतं, काय छान दिसतोय, आणि मी 'पाठव' म्हटलं होतं. शाळेतल्या पोरांना बदडणारी मीच ती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पण दुरुस्त करायचं म्हणजे काय, ते आता दोघींच्याही लक्षात आलं. आईला तिचा मुलगा परत द्यायचा, तर धाकट्याकडून तो देखणा चेहरा काढून घ्यायचा. आपणच दिलेला.

वहिनीनं काम मात्र नीट केलं. बिघडलेल्यावर पुन्हा करायला गेलं की चेहरा आणखीच पळतो, म्हणून तिनं जिन्यातला मूळ फोटो घेतला. बोटानं फक्त कपड्यांवर रंग फिरवला, म्हणजे तेवढाच भाग बदलेल आणि बाकीच्याला हात लागणार नाही. रुमाल काढला. उभी कॉलर काढली. "गळ्याशी काही आलं की ते हनुवटी नव्यानं काढायला जातं," ती स्वतःशीच बोलत होती. त्याला साधा निळा सदरा दिला, गळा उघडा. मग फोटो बोटांनी मोठा करून मूळ फोटोशेजारी धरला. पापणी, ओठ, सगळं जिथल्या तिथं.

"आधी त्याला पाठवते," ती म्हणाली. "त्याला न विचारता काही करायचं नाही आता."

थोड्या वेळानं फोन वाजला. तिचे हात कापडात होते, म्हणून मी स्पीकरवर लावला.

"पाहिला," धाकटा म्हणाला. "चांगला झालाय. सदरा छान आहे."

"माझं चुकलं रे. मला माफ कर."

"सोड वहिनी. एक सांग, पण खरं सांग. तुला कुठला आवडला?"

मी हातानं खुणावत होते, दुसरा म्हण गं, दुसरा. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं.

"पहिला," ती म्हणाली आणि रडू लागली.

"मलाही," तो म्हणाला. "रडू नकोस. खोटं बोलली असतीस तर जास्त लागलं असतं. आईला दुसरा दे."

आईला दुसरा दिला. बोट फिरत फिरत त्याच्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. "आला गं बाई," ती म्हणाली, अंगठ्यानं ती अर्धी पापणी पुसल्यासारखी केली आणि जेवायला बसली. आता तो फोटो उशाशी असतो, ती रोज त्याच्याशी बोलते.

आमचा फोटो बघून नातेवाईक आपलेही फोटो पाठवू लागलेत; वहिनी ते करून देते, पण आता करताना गाणं म्हणत नाही. परवा दुकानात तिनं काही न बोलता स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. धाकट्यानं आपल्या नावापुढचा फोटो बदलला होता. रेशमी रुमाल, दोन्ही डोळे सारखे. आणि त्या देखण्या पोराखाली त्याचा मेसेज होता : "वहिनी, आई जेवली का?"