शुद्ध पाणी

गंगेकाठच्या ब्रह्माघाटाकडच्या गल्लीत मृणालिनी आठल्ये यांना सगळे 'केमिस्ट्रीवाली' म्हणत. त्यात कौतुक थोडं होतं आणि टोमणा जास्त. या गल्लीतल्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वेद शिकवले गेले, व्याकरण शिकवलं गेलं, यात्रेकरूंची श्राद्धं केली गेली. त्यांतल्या एका घरची मुलगी हात आम्लांनी पिवळे करून घेऊन घरी येते आणि वर मास्तरीणही कच्चीच, हे लोकांना चघळायला पुरत होतं.

कच्ची म्हणजे कंत्राटी. मुलींच्या महाविद्यालयात मृणालिनी रसायनशास्त्र शिकवत, पण दर उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपे आणि पावसाळ्यात पुन्हा लागे. मधल्या महिन्यांत त्या लोकांच्या घरी शिकवण्या करत आणि भेटेल त्याने विचारलेलं ऐकत, "क्यों मैडम, इस बार हो गया?" केस पिकायला लागले तरी होत नव्हतं.

यंदा एक कायम जागा निघाली होती. निवड समिती वर्गातलं व्याख्यान ऐकणार नव्हती, ती प्रयोगशाळेत बसणार होती. उमेदवाराने समितीपुढे एक प्रयोग करून दाखवायचा आणि त्याचं गणित फळ्यावर मांडायचं. मृणालिनींच्या वाट्याला संहती घट, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन सेल, आला. पुढच्या वर्षी त्यांचं वय नियमात बसणार नव्हतं. ही जागा गेली की सगळंच गेलं, हे त्यांना ठाऊक होतं आणि विभागप्रमुख वासुदेव सरांनाही ठाऊक होतं.

संहती घटासारखा साधा घट नाही. दोन्हीकडे एकच धातू, चांदीची तार. दोन्हीकडे एकच क्षार, सिल्व्हर नायट्रेट. फरक फक्त दाटपणाचा. एका पात्रात चांदीचे आयन दाट, दुसऱ्यात विरळ. विरळ बाजूच्या तारेतून चांदी आयन होऊन द्रावणात उतरते आणि आपले इलेक्ट्रॉन तारेतच सोडते. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीतून दाट बाजूला जातात आणि तिथले आयन त्यांना घेऊन तारेवर चांदी होऊन बसतात. दोन्हीकडचा दाटपणा सारखा होईपर्यंत ही ये-जा चालायची. मृणालिनी मुलींना सांगत, "जिथे गर्दी तिथून लोक उतरतात, जिथे मोकळं तिथे चढतात. वीज म्हणजे त्या गर्दीचा उतार."

पण गर्दी मोजायला पाणी स्वच्छ हवं. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात मिठाचा अंश आला की चांदी त्याला धरून खाली बसते. म्हणून दोन पात्रांना जोडणाऱ्या पुलातही साध्या पोटॅशियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम नायट्रेट भरावं लागतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात विभागाचं पाणी उकळून वाफ धरायचं यंत्र जळालं होतं.

प्रयोगशाळेत मदतीला दत्तात्रेय होते. दशाश्वमेधावर पूजा सांगणाऱ्या घराण्यातले, पण घाटावरची गादी धाकट्या भावाकडे गेली आणि हे महाविद्यालयात परिचर म्हणून लागले. तेही कंत्राटीच. मृणालिनी त्यांना दत्तूकाका म्हणत. अख्ख्या इमारतीत त्या दोघांनाच एकमेकांशी मराठी बोलता येई. काचसामान, आम्लं, शिव्या, सगळं हिंदीत चाले. मराठी तेवढी त्या दोघांत उरली होती.

"दत्तूकाका, बाजारातल्या कॅनचं पाणी नको," आदल्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या. "परवा त्यात मीठ निघालं. तुम्ही शुद्ध पाणी आणा. अगदी शुद्ध हं. उद्याचं सगळं त्याच्यावर आहे."

"शुद्ध ना? आणतो की. काळजी करू नका, ताई."

त्यांच्या मनात होतं की काका विद्यापीठातल्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून वाफेचं, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी आणतील. काकांच्या मनात काही वेगळंच आलं. रोज ताई 'डिस्टिल' म्हणत. आज त्या शुद्ध म्हणाल्या, आणि तेही आपल्या भाषेत. उद्या त्यांची परीक्षा. काकांनी ओळखीच्या नाविकाला उठवलं, राजा घाटासमोर मधल्या धारेपर्यंत होडी नेली आणि नवा कॅन प्रवाहात बुडवून भरला. धुतलेल्या धोतरातून ते पाणी गाळलं. ज्या पाण्यासाठी लोक महाराष्ट्रातून दोन दिवसांचा प्रवास करतात, त्याहून शुद्ध ते काय असणार?

मृणालिनींनी दुपारी त्याच कॅनमधून पाणी घेतलं. ०.१ मोलर द्रावण जुनं होतं, चांगलं होतं. त्यातलं थोडं घेऊन शंभर पट पातळ केलं की ०.००१ मोलर. प्रकाशाने चांदी काळवंडते म्हणून हे काम तपकिरी बाटलीत करायचं. बाटलीच्या काचेआड आत काय होतंय ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी झाकण लावलं आणि बाटली कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई वयस्क होत्या, बोलायला कमी. वासुदेव सर त्यांच्या शेजारी बसले. दत्तूकाका दाराशी उभे राहिले. मृणालिनींनी बाटली अलगद तिरकी करून वरचं नितळ द्रावण पात्रात ओतलं, पूल ठेवला, तारा जोडल्या आणि आधी फळ्याकडे वळून हिंदीत सांगायला लागल्या.

"दोन्ही तारा चांदीच्या, म्हणून त्यांची प्रमाण विभवं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो फक्त आयनांचा फरक. एका आयनामागे एक इलेक्ट्रॉन, तापमान पंचवीस अंश धरू."

आणि त्यांनी लिहिलं:

घटाचं विभव = ०.०५९१ × लॉग (०.१ ÷ ०.००१)
= ०.०५९१ × लॉग १००
= ०.०५९१ × २
= ०.११८ व्होल्ट

"दर दहापट फरकाला एकोणसाठ मिलीव्होल्ट. इथे शंभरपट, म्हणून त्याच्या दुप्पट." त्यांनी बटण दाबलं.

मीटरवर ०.१४८ आलं.

वासुदेव सर खुर्चीत हलले. "मैडम, आपका फार्मूला कुछ और कहता है, मशीन कुछ और. किसकी नौकरी पक्की करें?"

कुणीतरी हसलं. तज्ज्ञ बाई हसल्या नाहीत. त्या हिंदीतच, शांतपणे म्हणाल्या, "दाट द्रावणात आयन एकमेकांना अडवतात, त्यामुळे खरा आकडा हिशेबापेक्षा थोडा कमी येतो. कमी आला असता तर मी काही विचारलं नसतं. हा जास्त का आला?"

मृणालिनींनी खडू पुन्हा उचलला. त्यांनी गणित उलटं फिरवलं.

"दाट बाजू ०.१ आहे असं धरलं तर विरळ बाजूचं काढता येईल."

लॉग (०.१ ÷ क) = ०.१४८ ÷ ०.०५९१ = २.५०
०.१ ÷ क = सुमारे ३१६
क = सुमारे ०.०००३२

"मी ०.००१ ठेवलं होतं. मीटर सांगतोय की मोकळे आयन त्याच्या एक तृतीयांशच उरलेत. दोन तृतीयांश चांदी कुठेतरी बसलीय."

त्यांनी तपकिरी बाटली उचलून हलवली, थोडं काचेच्या नळीत ओतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. तळाचा पांढरा गढूळपणा वर आला होता. मग त्यांनी कॅनमधलं पाणी दुसऱ्या नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाण्यात दुधासारखा ढग उतरला. नायट्रिक आम्ल घातलं, ढग गेला नाही.

"क्लोराइड," त्या म्हणाल्या. "या पाण्यात क्लोराइड आहे. त्याने चांदी धरली. विरळ बाजू आणखी विरळ झाली, म्हणून विभव वाढलं. सूत्र बरोबर आहे, मीटरही बरोबर आहे."

तज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा मान हलवली. "बहुत अच्छा. प्रयोग बिघडला आणि तुम्ही बिघाड मोजून दाखवला." मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. "पण पाणी तुमच्याच प्रयोगशाळेचं ना? हे कसं झालं?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं: मी डिस्टिल्ड म्हणाले नाही, मी शुद्ध म्हणाले, आणि बाटलीत ओतताना पाणी तपासलं नाही. एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. मृणालिनींनी दाराकडे पाहिलं. दत्तूकाका तिथे होते, हात जोडल्यासारखे पोटावर ठेवून, ताईंच्या यशाने खूश.

"मी डिस्टिल्ड वॉटर मागितलं होतं," मृणालिनी म्हणाल्या. "परिचराने कुठून आणलं, मला माहीत नाही."

"दत्तात्रेय," वासुदेव सरांनी विचारलं, "पानी कहाँ से लाये?"

"गंगाजी से, सर. बीच धार से."

या वेळी सगळे हसले, तज्ज्ञ बाईसुद्धा. काकाही थोडे हसले, कारण सगळे हसत होते.

जागा मृणालिनींना मिळाली. गल्लीत पेढे वाटले गेले. ज्यांनी टोमणे मारले होते त्यांनी दोन-दोन घेतले. महिना संपला तेव्हा दत्तूकाकांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कारणाच्या जागी 'लापरवाही' असं लिहिलं होतं. मृणालिनी वासुदेव सरांकडे रदबदली करायला गेल्या. सर म्हणाले, "मैडम, आपने ही तो कहा था."

त्या काकांच्या घरी गेल्या. काकांची बायको पद्मा दारातच बसून वाती वळत होती. तिने आत या म्हटलं नाही, बसा म्हटलं.

"पेढे आणलेत का?" पद्माने विचारलं. "आमच्याकडे पोचले नव्हते."

"पद्मे," काका आतून म्हणाले, आणि बाहेर आले. राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. ते गुडघे चोळत समोर बसले.

"ताई, एकच विचारायचं होतं. तुम्ही त्या दिवशी डिस्टिल म्हणालात का? मला शुद्ध ऐकू आलं. स्वच्छ आठवतं मला, पण तुम्ही साहेबांपुढे तसं बोललात, म्हणजे मीच चुकलो असणार. ही म्हणते, कान गेलेत तुमचे. तेवढं सांगा. दुसरं काही नको."

पद्माचा हात वातीवर थांबला. ती मृणालिनींच्या तोंडाकडे बघत होती.

गल्लीतून एक सायकल गेली. कुणाच्या तरी खिडकीतून फोडणीचा वास आला.

"पंखा चालू होता, काका," त्या म्हणाल्या. "आवाज होता फार."

"हां," काका म्हणाले. "पंखा होताच."

पुढच्या आठवड्यात ते सरकारी दवाखान्यात कान दाखवून आले. डॉक्टरने काही दोष नाही म्हणून सांगितलं, तो तरुण पोरगा आहे, त्याला काय कळतंय, असं काका म्हणाले. भावाने दया करून त्यांना घाटावर आपल्या छत्रीखाली बसवलं आहे. यात्रेकरू नाव-गोत्र सांगतात तेव्हा दत्तूकाका हात कानामागे नेतात आणि दोनदा विचारून घेतात. लोकही आता त्यांच्याशी मोठ्यानेच बोलतात.