आजीच्या कडव्यातलं ‘अजून’

तमाम नातेवाइकांना कळवण्यात येते की, आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाची दोन कडवी रचण्याची ऐतिहासिक जबाबदारी थोरला नातू म्हणून माझ्यावर येऊन पडली होती. अट एकच: वयाचं नाव काढायचं नाही. पंच्याहत्तरीला काकाने माईक धरून तिला ‘पिकलं पान’ म्हटलं, तशी आजी पाटावरून उठली आणि खुरपं घेऊन वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसली. केक आम्हीच खाल्ला.

आठवडाभर मी शेलूच्या आमच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत होतो. शतायुषी हो, उदंड आयुष्य लाभो... आपल्या शुभेच्छा मेल्या सगळ्या वयाच्याच! सगळ्या खोडल्या. मग ठरवलं, आजी काय करते तेवढंच सांगायचं. साधी अष्टाक्षरी: ओळीत अक्षरं आठ, जोडाक्षर एकच धरायचं, दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. बोटांवर मोजत पहिली ओळ जमवली: ‘अजून थापे भाकरी’.

बायको खालापूरकडची. कांदा चिरता चिरता म्हणाली, “अजून म्हंजे? अजून मेली नाय, असंच ना ओ?”

वय मागच्या दाराने आत शिरलं होतं! ‘अजून थापे’ची अक्षरं पाच, ती काढून पाचच भरायला हवीत. तीन वेळा गच्चीवर जाऊन आलो, तेव्हा सुचलं: ‘आजी थापते’.

वाढदिवसाला खोपोलीच्या पुढे, आजीच्या अंगणात पोचलो. ओवाळून झालं. जुनी ओळ जिभेवर वळवळत होती. आजी पाटावर, खुरपं भिंतीला टेकलेलं. काका पुटपुटला, “सांभाळ रं, वाफा जवळच हाय.”

मी घसा खाकरला.

आजी थापते भाकरी,
तवा टाळ्या वाजवतो;
पहिल्या पापुद्र्यासाठी
जो तो पुढे सरकतो.

रुसतो जो कोपऱ्यात
त्याचं ताट आधी भरे;
तिच्या हाताच्या चवीला
माया म्हणतात खरे.

कोणी टाळी वाजवेना. सगळे आजीकडे बघत होते. तिने पदराने नाक पुसलं, गुडघ्यावर हात टेकला आणि ती उठली! काकाने कपाळावर हात मारून घेतला. आजी भिंतीपाशी गेली, खुरप्यावरून पुढे, सरळ चुलीकडे. तांदळाच्या पिठाचा डबा काढला, परातीवर फुंकर मारली आणि माझ्यावर खेकसली,

“भाकरी म्हटलंस ना? मग उकडीला पाणी ठेव की रं, बघतोस काय!”