आठवड्याचे तीन ठिपके

गुडघा नारळाएवढा सुजला होता, आणि तरीही सोजराबाई पायरीवर उभ्या होत्या. एक पाय वर, एक खाली. दात दातांवर घट्ट आवळलेले. वाड्यात शेळ्या ओरडत होत्या, ऊन डोंगराआड उतरत होतं, आणि मोबाईलच्या काचेवरची ती छोटी पणती अजून विझलेली होती. व्यायाम उरकून काचेवर बोट टेकवलं की पणती पेटायची. आजची पेटली नाही, तर मागच्या सगळ्या विझणार होत्या.

"पेटव गं बाई," त्या गुडघ्यालाच म्हणाल्या, आणि शरीराचा सगळा भार त्या पायावर टाकला.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, जिथं रस्ता संपून नुसती पायवाट उरते, तिथल्या वस्तीवर सोजराबाईंचं घर. नवरा गेल्यावर शेळ्या त्यांनीच राखल्या. एकेकीला नाव, एकेकीचा स्वभाव पाठ. कोणती शेळी कुठल्या झुडपाला तोंड लावील, हे त्या डोळे मिटून सांगत. पण पावसाळ्यात त्या उतारावरून घसरल्या आणि गुडघा दुखावला. मुलगा संपत शिवऱ्याला हायवेवर टेम्पो चालवायचा. तो आला आणि अंगणात उभं राहून निकाल देऊन मोकळा झाला.

"आये, चंपाषष्ठीला म्या येतो. शेळ्यांमागं माळापर्यंत चढायचं. न बसता, कुणाचा हात न धरता. जमलं तर शेळ्या तुझ्या. न्हाई जमलं तर नसरापूरचा व्यापारी येऊन घिऊन जाईल, आन तू आमच्या खोलीवर यायचं."

"खोलीवर म्या काय करू? टेम्पो राखू व्हय?"

"टीव्ही बघ. लोकं बघत्यात."

सोजराबाईंनी त्या दिवशी त्याला चहाही विचारला नाही.

संपतची मुलगी धनश्री भोरला कॉलेजात शिकत होती. तिनं आजीला तिथल्या दवाखान्यात नेलं, व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट स्नेहलताईंनी शिकवलेले व्यायाम समजून घेतले आणि आजीच्या मोबाईलवर ते पणतीचं ॲप चढवून दिलं. बाजेवरून हात न टेकता उठायचं, पाय सरळ ठेवून उचलायचा, पायरी चढायची-उतरायची. झालं की पणती.

आता सोजराबाईंच्या दृष्टीनं हा नेम होता. आणि नेम म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. खंडोबासाठी त्यांनी आयुष्यभर नेम धरले होते. एक दिवस चुकला की मागचं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चांदी शेळी अडली, सोजराबाई दिवसभर तिच्यापाशी बसून राहिल्या आणि पणती विझली, तेव्हा त्यांनी मोबाईल डब्यात टाकला आणि दोन आठवडे पायरीकडे बघितलंही नाही. नेम मोडलाच आहे, मग कशाला? पुढं धनश्रीनं फोनवरून रागावून पुन्हा सुरू करायला लावलं, तेव्हा त्यांनी मनाशी गाठ मारली : जीव गेला तरी आता खंड पडू द्यायचा नाही.

आणि त्या गाठीपायी गुडघा नारळ झाला.

धनश्री शनिवारी आली, आजीची चाल बघून तिचा चेहरा उतरला. एसटीनं दोघी भोरला गेल्या. स्नेहलताईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि वर बघितलं.

"रोज करता?"

"एक दिस चुकवला न्हाई," सोजराबाई ताठ बसून म्हणाल्या.

"रोज कुणी सांगितलं? मी आठवड्यातून तीनदा म्हटलं होतं. मध्ये एक दिवस मोकळा. ताण पडलेला स्नायू त्या मोकळ्या दिवशी सावरतो, मावशी. तुम्ही त्याला सावरूच दिलं नाहीत."

धनश्री खाली मान घालून पुटपुटली, "ॲपमध्ये आधीपासून रोज असंच होतं. मी ते बदललंच नाही, आज्जे."

"पर सुट्टीचा नेम कसला?" सोजराबाईंचा आवाज चढला. "आज केलं, उद्या न्हाई. ह्यो तर नेमाचा खेळ झाला!"

स्नेहलताईंनी सहज विचारलं, "शेळ्यांना मीठ रोज देता?"

"न्हाई. आठवड्यातनं दोन-तीनदा."

"एक दिवस विसरलात तर?"

"दुसऱ्या दिशी देते. शेळी काय मरती का?"

"आणि आठवडाच्या आठवडा विसरलात तर?"

"मग भिंती चाटत बसत्यात…" सोजराबाई म्हणाल्या, आणि मध्येच थांबल्या.

धनश्रीनं तिथंच बसून मोबाईलमध्ये बदल केला. रोजच्या पणत्या गेल्या, आठवड्यापुरते तीन पोकळ ठिपके आले. कोणत्याही तीन दिवशी भरा. रविवारी आठवडा संपणार, सोमवारी तिन्ही पुन्हा कोरे. "चुकलेल्या दिवसाला लाल खूण नाही, आज्जे. नुसता आठवडा बघायचा." सूज उतरेपर्यंत मात्र एकही ठिपका भरायचा नाही, अशी स्नेहलताईंनी ताकीद दिली.

सूज उतरली. ठिपके भरू लागले. कधी मंगळवार, कधी बुधवार. शेळ्या ज्या दिवशी लांब जातील तो दिवस मोकळा. पायरी हळूहळू बुटकी वाटू लागली. पण चंपाषष्ठीही जवळ येत होती.

तिच्या आधीचा आठवडा नेमका उलटा पडला. सोमवारचा व्यायाम झाला. मग एक करडू घळीत उतरून बसलं, ते शोधण्यात दिवस गेले. शनिवारी दुसरा ठिपका भरला. चढाईच्या आदल्या दिवशीच, रविवारी दुपारी, संपत येऊन दारात उभा राहिला. त्यानं आईचा मोबाईल उचलून बघितला.

"एक ऱ्हायला की गं. येवढ्यात नेम मोडला?"

सोजराबाई पायरीपाशी गेल्या. पाय वर ठेवला. कालच्या व्यायामानं मांडी अजून जड होती. मागं पोरगा बघतोय, पुढं तो पोकळ ठिपका. एवढं उरकलं की पोराचं तोंड बंद. जुनी गाठ पुन्हा आवळू लागली.

त्यांनी पाय खाली घेतला.

"कालच केलंय. आज मोकळा दिस."

"म्हंजे दोनच?"

"दोनच. उद्या सोमवार हाय." त्यांनी मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेल्या.

चंपाषष्ठीच्या सकाळी दव अजून गवतावर होतं. चांदी पुढं, कळप तिच्या मागं, मग सोजराबाई, आणि शेवटी संपत. पहिल्या वळणावर गुडघ्यात कळ आली. सोजराबाई थांबल्या. संपतची पावलं मागं थांबली.

"बसतीस का?"

"उभी हाय. उभं ऱ्हायला तुझी बंदी न्हवती."

वरचा चढ उभा कातळाचा. तिथं हात टेकवायला झाड नाही. त्यांनी पायरीवर उचलायच्या तसाच पाय उचलला, भार टाकला, दुसरा ओढला. पुन्हा उचलला. कळ आली, पण सूज नसतानाची ही कळ वेगळी होती. ती सोबत चालत होती, अडवत नव्हती. करडं पायात घुटमळली तशी एकदा तोल गेला. संपतचा हात पुढं आला आणि तिथंच थबकला. त्यांनी स्वतःला सावरलं.

माळ आला. शेळ्या पसरल्या. सोजराबाई वाऱ्यात उभ्या राहिल्या, पदर उडत होता. मागं धापा टाकत आलेला संपत मटकन दगडावर बसला.

खिशात त्याचा मोबाईल वाजला. त्यानं व्यापाऱ्याचं नाव बघितलं, आईकडं बघितलं, आणि उचलला. "न्हाई, नका येऊ… न्हाई म्हंजे न्हाईच. शेळ्या हितंच ऱ्हायच्यात."

मोबाईल खिशात ठेवून तो उगाच गवताची काडी तोडत राहिला. मग म्हणाला, "ते ठिपक्याचं काय? आज भरायचा का?"

"आज डोंगर झाला," सोजराबाई म्हणाल्या. "उद्या गुडघा काय म्हनतोय ते बगू. आठवडा अजून पडलाय."

आणि त्यांनी लांब गेलेल्या चांदीला हाक मारली.