गेरूच्या रेघा

लग्नाची बोलणी रंगात आली आणि माझा उजवा पाय कमरेपासून बधिर झाला. झालं, मी सगळ्या अंथुर्णे गावात नाटकी ठरले. "स्थळ पसंत न्हाय म्हून सोंग करतीया," असं चुलत्यांनी पारावर सांगून टाकलं. बारामतीच्या डॉक्टरांनीही मला तपासलं आणि हसून म्हणाले, "मनाचं आहे. लग्न झालं की जाईल." त्यांचा तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून ऊस लावला होता, पण हाताची सवय जाते कुठं? लंगडं मेंढरू ते बाभळीच्या काट्यानं टोचून बघत आणि टोचलेलं जिथं कळेनासं होईल तिथं गेरूची रेघ ओढत. रोज सकाळी मला डोळे मिटायला लावून त्यांनी तेच सुरू केलं. कळलं नाही तर रेघ, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेला ठिपका.

"मी काय मेंढरू हाय व्हय, आबा?" मी चिडायचे.

"मेंढरू सोंग करत न्हाय. तू बी न्हाय."

त्या घरात माझ्यावर विश्वास ठेवणारे तेवढे एकटेच.

तीन-चार आठवड्यांत पाय सुधारला. "बघा, सोंगच हुतं," म्हणत चुलत्यांना आणखीच जोर चढला. दिवाळीनंतर डावा हात तसाच बधिर झाला, तेव्हा आबांनी कॅलेंडर गुंडाळून काखेत मारलं आणि मला पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी हातावरच्या लाल रेघा पाहिल्या. मला वाटलं, आता या हसणार. त्यांनी कॅलेंडर मागून घेतलं, महिन्यामागून महिना वाचलं आणि म्हणाल्या, "आधी पाय, मग हात. दोन वेगळ्या वेळा, दोन वेगळ्या जागा. मेंदूचा एमआरआय करू."

फिल्म उजेडावर लावून त्यांनी दाखवलं. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या काळ्या पोकळ्या आणि त्यांच्या काठाला चिकटून पांढरे लंबगोल डाग. मल्टिपल स्क्लेरोसिस. मोटारीच्या वायरीवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं, तसं मज्जातंतूंचं वेष्टण जागोजागी गेलेलं. मुळापासून बरं करणारं औषध नाही, पुन्हा उलटू शकतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आणि मला, वेडीला, आनंद झाला! मी खोटी नव्हते.

पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. घरी आल्यावर आबांचा काटा पुन्हा सुरू झाला. रेघ रोज थोडी बोटांकडे सरकत गेली. एका सकाळी चुलते ओट्यावर चहा पीत असताना आबांनी करंगळीला काटा लावला आणि मी अशी किंचाळले की चुलत्यांचा चहा धोतरावर सांडला.

आबा डोळे पुसत हसले. मग भावाकडे वळून म्हणाले, "आता वरडली ते खरं. अन तवा वरडत नव्हती, ते बी खरं."