बेल कधी वाजवायची नाही

आमच्या फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात फोन मी घेते, आणि माणसांवर चटकन विश्वास ठेवायची सवय मला नाही. ‘कधीही या, घरीच आहे’ म्हणणारे नेमके कुलूप लावून पसार होतात. पण संशय घेण्यात माझ्यावर ताण करणारं एकच गिऱ्हाईक भेटलं. तो एकटा राहायचा. आमच्या मेकॅनिकला त्याने आधी ओळखपत्र दाराच्या फटीतून आत सरकवायला लावलं, ते नीट न्याहाळलं आणि मगच घरात घेतलं.

त्याचा पहिला फोन साधाच होता. फ्रीजचा दिवा लागतो, पण गार होत नाही.

“दिवसा घरी असता ना?” मी विचारलं.

“दिवसभर घरीच.”

मग काय, मी दहा ते दोन अशी ऐसपैस वेळ देऊन टाकली. मेकॅनिक पोचला दीडला. कंप्रेसर चालू करणारा रिले नावाचा छोटा भाग गेला होता आणि नवा रिले काही त्याच्या पिशवीत नव्हता. म्हणजे पुन्हा जाणं आलं.

दुसरी वेळ ठरवायला फोन केला, तर हा माझ्यावरच उखडला. “मी रात्री ॲम्ब्युलन्स चालवतो, बाई! तुमच्या माणसाची वाट बघत डोळे ताणून बसलो होतो.”

हे आधी सांगायला याच्या तोंडाला काय झालं होतं? तरी मी गोडीत विचारलं, “मग तुम्ही झोपता कधी?”

तो हळूच म्हणाला, “कशाला हवंय तुम्हाला?”

“वेळ ठरवायला.”

“मी दिवसा झोपत नाही. आणि आमच्या घरात चार माणसं असतात.”

चार माणसं! मेकॅनिकने तर चपलांचा एकच जोड बघितला होता. हा काहीतरी लपवतोय, याची मला खात्रीच पटली. झोपत नाही तर नाही, माझं काय जातंय? मी अकराची वेळ दिली. मेकॅनिकने बेल वाजवली, फोन केले, आणि हात हलवत परत आला.

त्याच संध्याकाळी तो स्वतः दुकानात आला. डोळे लालभडक. बेलने त्याची झोप मोडली होती. धडपडत दार उघडेपर्यंत मेकॅनिक गेलेला, आणि मग डोळ्याला डोळा लागला नाही.

“आज गाडी घेत नाही म्हणून कळवलंय,” तो म्हणाला. “परवा तुमची वाट बघत जागलो, आणि रात्री सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागे पेशंट होता. साहेब म्हणाले, आता पुन्हा रजा मागितलीस तर दुसरा ड्रायव्हर बघतो.”

“मग मला खोटं कशाला सांगितलंत?” मी भडकले. “मी काय चोर आहे?”

“फोनवर मला काय कळणार? मी एकटा, दिवसा मेल्यासारखा झोपतो. ती वेळ परक्या माणसाला सांगू?”

हे मला जास्तच झोंबलं. रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने ‘कुठे राहता’ विचारलं, तर मी तरी कुठे खरा पत्ता सांगते?

“बरं,” मी म्हटलं, “झोपेचं राहू द्या. आमच्या माणसाने बेल वाजवायची नाही, फोनही करायचा नाही, अशी वेळ सांगा. कारण नको.”

तो जरा घुटमळला. “सकाळी आठ ते चार.”

“ड्यूटीवरून आल्या आल्या, सगळ्यात पहिली फेरी तुमची केली तर?”

“नको. शेवटचा पेशंट लांबला की घरी यायला कधी दहाही वाजतात.”

मग संध्याकाळी पाच. पुढच्या आठवड्यात त्याची दिवसपाळी लागणार होती, म्हणजे सगळंच उलटं; तेव्हा याच आठवड्यात उरकायला हवं होतं. आमचं परवाचं ठरलं. रिले मी स्वतः मेकॅनिकच्या पिशवीत टाकला, आणि मेकॅनिकचा फोटो व वेळ गिऱ्हाइकाला मेसेजने कळवली.

त्या दिवशी सकाळी अकराला मालक माझ्या टेबलापाशी आले. “त्या ड्रायव्हरला फोन करून खात्री कर. मागची फेरी फुकट गेली.”

“मेसेज केलाय.”

“बघितलाय का त्याने? नाही ना? मग लाव फोन.”

“आत्ता नाही लावणार.”

मालकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “एका गिऱ्हाइकाचा एवढा पुळका?”

“फेरी फुकट गेली तर मला बोला,” मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मनात आलंच: हा बाबा पुन्हा काही भलतंच सांगून बसला असेल तर?

पाचला मेकॅनिकचा फोन आला. “ताई, दोनदा बेल वाजवली. उघडत नाहीये.”

मालक कान देऊन उभेच होते. एवढ्यात फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याचा जडावलेला आवाज. “त्या बाईंना सांगा, झोपलो होतो.”

“काय म्हणतोय?” मालकांनी विचारलं.

“आहे घरी,” मी म्हणाले. झोपेचं त्यांना सांगितलं नाही.