दोन भाकरींची आकृती

रविवार, दुपारची गिरड–वर्धा बस. हजर : मी, शेजारी टोपलीवाल्या आजी. पिशवीत : वही, पेन, दर्ग्याचा प्रसाद. नाही : गणिताचं पुस्तक. मोबाइल बंद. वर्ध्याहून कारंजाची बस पकडून घरी पोहोचेपर्यंत रात्र होणार, म्हणून उद्या वर्गात घ्यायच्या पाठाचं टाचण बसमध्येच काढायचं होतं.

खरं तर मी चिंतेतच गिरडच्या दर्ग्याची टेकडी चढले होते. माझ्या पाचवीच्या वर्गातली पल्लवी आठवड्यापासून गप्प होती. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांत मोठा कोणता, असं फळ्यावरच्या आकृतीकडे बोट करून मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, चतुर्थांश. "डोकं घरी ठेवून येतेस का?" असं मी सगळ्यांसमोर बोलले. शुक्रवारी तिने कोरी पाटी दिली. दर्ग्यात बाबांसमोर मी मागितलं, पोरीला बुद्धी दे.

वहीत रकाने पाडले : वेळ, मी काय करीन, मुलं काय करतील, कुठे चुकतील. पहिल्या पाच मिनिटांसाठी फळ्यावरची आकृती पुन्हा काढली. दोन भाकरी, एकीचे तीन वाटे, दुसरीचे चार.

"काय काढून राह्यली वो बाई?"

"भाकरी, आजी. सांगा, कोणता वाटा मोठा?"

त्यांनी बोट ठेवलं. "हा. चारातला."

"नाही हो, तिनातला मोठा असतो."

"काऊन? हे भाकर परातीएवढी, ते बशीएवढी. मले त हाच देजो!" आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

मी हसले नाही. फळ्यावरही मी अशीच काढली होती. चार वाटे नीट दिसावेत म्हणून ती भाकरी मोठी. दोन्ही भाकरी सारख्याच आकाराच्या हव्यात, ही पहिली अट मीच मोडली होती. पल्लवीने जे दिसलं ते खरं सांगितलं होतं.

पान उलटलं. वहीच्या रेघा समान अंतरावर असतात. बारा रेघांच्या दोन पट्ट्या, एकीवर चार-चार रेघांवर खूण, म्हणजे तीन भाग, दुसरीवर तीन-तीन रेघांवर, म्हणजे चार. तृतीयांश चार रेघा, चतुर्थांश तीन. मुलांनी स्वतः मोजायचं, पंधरा मिनिटं. मग वीस रेघांची पट्टी : तिचा चतुर्थांश पाच रेघा. आता मोठा कोणता, आणि का? दहा मिनिटं. हा प्रश्न पल्लवीचा, असं समोर लिहिलं. शेवटची पाच मिनिटं : प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं.

वर्ध्याला आजी टोपली सावरत उतरल्या. मी प्रसाद पुढे केला. "तूच खा वो, तुले लागन," म्हणाल्या. त्या कोण, कुठल्या, विचारायचं राहिलं. बाबांकडे मागितलं ते मिळालं. कोणाला हवं होतं, तेवढं मात्र मला कळलं नव्हतं. देणाऱ्याला कळलं. आता मागताना कोणासाठी, ते मी सांगणार नाही.

पाठाचं टाचण पूर्ण आहे. फक्त पहिल्या ओळीत, पट्ट्या वाटण्याच्याही आधी, "सगळ्यांसमोर पल्लवीला :" एवढंच लिहिलंय. पुढची जागा अजून कोरी आहे.